लोगोची सावली पडद्यावर का उरते

रात्री रिमोटने टीव्ही बंद केला की भिंतीवरच्या बोर्डाचं बटणही बंद करायचं, ही नागपुरात घरोघरची सवय. वीज वाचते, अवकाळी वादळात सेटही वाचतो. पण ओलेड टीव्हीला हीच सवय महागात पडते: चॅनलच्या लोगोची सावली पडद्यावर उरते. ती का, हे कळायला जरा मागे जावं लागतं.

1987 साली ईस्टमन कोडॅकमधल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 10 व्होल्टपेक्षा कमी दाबावर उजळणारा सेंद्रिय डायोड, म्हणजेच ओलेड, दाखवला. त्यातून पुढे घडलेल्या पडद्यात मागचा दिवा नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, म्हणून जेवढा वापर तेवढा तो म्हातारा होतो. ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे उपठिपके असतात आणि त्यांतला निळा सगळ्यांत लवकर दमतो. त्यामुळे मोबाईलच्या अनेक पडद्यांत निळा उपठिपका मुद्दाम मोठा ठेवतात.

2013 पासून एलजीने मोठ्या टीव्हीसाठी वेगळी वाट धरली: सगळीकडे पांढरा प्रकाश आणि त्यावर रंगीत गाळण्या. सगळे ठिपके एकाच मिश्रणाचे, तेव्हा झीजही सारखी होईल असं वाटावं. पण लाल गाळणी बराचसा प्रकाश अडवते, त्यामुळे लाल दिसायला त्या ठिपक्यातून जास्त प्रवाह सोडावा लागतो. 2018 मध्ये टीव्हींच्या चाचण्या घेणाऱ्या आर्टिंग्स या संकेतस्थळाने एलजीचे सी7 टीव्ही दिवसाला 20 तास चालवले. सीएनएनच्या लाल लोगोचा आणि पट्टीचा डाग पूर्ण ब्राइटनेसवरच्या सेटमध्ये फार लवकर उमटला. तेच चॅनल कमी उजेडात लावलेला सेट बराच काळ टिकला. माझ्या मते या चाचणीतली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच.

आपल्या बातम्यांच्या चॅनलवरही लाल पट्ट्या असतात. रोज 5 तास म्हणजे वर्षाला 1825 तास त्याच जागेवर. त्यात मे महिन्यातली बंद खोली. उष्णतेने सेंद्रिय थर आणखी लवकर झिजतो. क्यूडी-ओलेड या दुसऱ्या प्रकारच्या पडद्यात एलजीसारखा वेगळा पांढरा उपठिपका नसतो, त्यामुळे तिथे पांढऱ्या पट्टीसाठी लाल, हिरवा, निळा तिन्ही राबतात.

आता बोर्डाच्या बटणाकडे. एलजीच्या टीव्हीत एकूण सुमारे 4 तास वापर झाला की, टीव्ही स्टँडबायवर असताना काही मिनिटांची छोटी दुरुस्ती आपोआप चालते. ती ठिपक्यामागच्या ट्रान्झिस्टरांचं वागणं मोजून त्यांना लागणारा दाब नीट लावते. थोड्या वेळापुरती उरणारी सावली बहुधा या ट्रान्झिस्टरांमुळेच असते आणि ती या दुरुस्तीत जाते. बोर्डाचं बटण बंद असेल, तर दुरुस्ती होतच नाही आणि सावल्या साठत जातात.

ओळखायचं असं: पूर्ण पडदाभर राखाडी आणि मग लाल रंग लावा. लोगोची आकृती दिसली तर टीव्ही रिमोटने बंद करून रात्रभर बोर्ड चालू ठेवा. सकाळी ती गेली, तर तात्पुरती छाप होती. तशीच राहिली, तर ठिपके झिजलेत. हाताने चालवायची मोठी दुरुस्ती तो फरक थोडा झाकते, पण झिजलेला थर परत आणत नाही, म्हणून ती वारंवार चालवू नये. वादळाच्या रात्री मात्र प्लग खुशाल काढा. दुरुस्ती दुसऱ्या दिवशीही होते.