ठोकळाचित्र

छायाचित्र मोजक्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला खेळण्यातल्या विटेचा एकच रंग देण्याची पद्धत. चौकोनावर गोल खुंटी आणि सावली रंगवली की विटांचा भास होतो. उजळपणानुसार उंची दिली, तर चित्र व्हॉक्सेलसारखे, म्हणजे छोट्या घनांनी रचलेल्या त्रिमितीय चित्रासारखे दिसते.

उगमाविषयी एकमत नाही. काही जण तो मोझेइक आणि फुलीच्या भरतकामापर्यंत नेतात. पण तिथे प्रत्येक तुकड्याचा रंग कारागीर नजरेने ठरवतो. चौकोनातील उजळपणाची सरासरी गणकाने काढणे हा निकष धरल्यास बेल प्रयोगशाळेतील लिऑन हार्मन यांचे लिंकनचे ठोकळाचित्र (१९७३) आरंभबिंदू मानणे अधिक योग्य वाटते. केनेथ नोल्टन आणि हार्मन यांचे १९६०च्या दशकातील चित्र बारीक चिन्हांतून छटा दाखवते, म्हणून ते वेगळ्या वर्गात जाते. हार्मन आणि बेला यूलेश यांनी १९७३ मध्येच असे चित्र जवळून का ओळखू येत नाही, हे तपासले. चौकोनांच्या कडांमुळे चित्रात नसलेला तपशील वाढतो आणि त्यातला चेहऱ्याच्या तपशिलाला आकाराने जवळचा भाग ओळखीच्या आड येतो. डोळे किलकिले केले किंवा दूर गेले की हा गोंगाट विरतो. चित्रकार साल्वादोर दाली यांनी १९७६च्या सुमारास याच लिंकनचा चित्रात वापर केला.

लेगोच्या २०१६ मधील मोझेइक संचात ४८×४८ खुंट्या आणि पाच रंग होते : पांढरा, पिवळा, दोन करडे व काळा. उजळपणाच्या उतरंडीत पिवळा पांढरा आणि फिकट करडा यांच्यामध्ये बसतो. १२०० बिंदू रुंदीचे चौरस छायाचित्र घेतल्यास एका खुंटीच्या वाट्याला २५×२५ बिंदू येतात. प्रत्येक बिंदूचा उजळपणा ० ते २५५ अशा आकड्यांत साठवलेला असतो, पण हे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. त्यांची थेट सरासरी काढणे ही नेहमीची चूक आहे. निम्मा काळा, निम्मा पांढरा चौकोन तशा सरासरीने १२८ येतो, प्रकाशाच्या प्रमाणात मात्र सुमारे १८८. केसांच्या कडा त्यामुळे काळवंडतात.

चेहरा सुमारे पाच डोळ्यांइतका रुंद असतो. तो ३० खुंट्या व्यापत असेल, तर एका डोळ्याला सहा मिळतात. पूर्ण उंचीच्या छायाचित्रात चेहराच सहा खुंट्यांचा होऊन डोळा एका खुंटीत बुडतो. म्हणून चित्र खांद्यापर्यंत कापतात.

प्रत्येक चौकोनाला सर्वांत जवळचा रंग दिला, तर गालावर सपाट पट्टे उमटतात. फ्लॉइड-स्टाइनबर्ग पद्धतीत (१९७६) उरलेला फरक शेजारच्या चौकोनांवर ढकलला जातो : ७/१६ उजवीकडे, बाकीचा खालच्या ओळीत. पार्श्वभूमीला हे शोभते. डोळ्यांजवळ मात्र सुटे ठिपके पडतात, तिथे ती न वापरणे बरे.

खऱ्या विटा भिंतीसारख्या एकावर एक रचून चित्र बाजूने दाखवल्यास चौकोन चौरस राहत नाही. एक खुंटीची वीट ८ मिमी रुंद आणि ९.६ मिमी उंच असते, त्यामुळे चौरस जाळीवर बेतलेला चेहरा एक पंचमांश लांबट निघतो.