जुलैत कूलर गार का करत नाही, आणि तुमच्या चिलरचा त्याच्याशी काय संबंध

(वॉटर-कूल्ड चिलर वापरणाऱ्या आमच्या नागपुरातील ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मे महिन्याच्या दुपारी पारा ४४ वर असतो, तरी घरचा कूलर खोली गार करतो. जुलैत पावसाची झड लागते, पारा ३० वर येतो आणि तोच कूलर नुसता दमट वारा फेकू लागतो. मग घरातलं कुणीतरी त्याचा पंप बंद करून टाकतं. तुमच्या गच्चीवरचा कूलिंग टॉवर नेमका याच नियमाने चालतो. त्याला हवेच्या तापमानाशी फारसं देणंघेणं नसतं. हवा किती कोरडी आहे, यावर पाणी किती थंड होणार ते ठरतं.

हे मोजायचं माप म्हणजे वेट बल्ब तापमान. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की जे वाचन मिळतं ते. टॉवरचं पाणी या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. चांगला टॉवर पूर्ण लोडवर त्याच्या ३-४ अंश वर पोहोचतो. मेमध्ये ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब साधारण २३ येतो. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला तो २७ असतो. डिसेंबरच्या दुपारी, २८ अंश आणि ३५ टक्क्यांना, १८. म्हणजे टॉवरची खरी परीक्षा पावसाळ्यात असते, उन्हाळ्यात नाही.

एकच सेटपॉइंट बारा महिने

बहुतेक प्लांटमध्ये टॉवरमधून चिलरच्या कंडेन्सरला जाणाऱ्या पाण्याचा सेटपॉइंट कुणीतरी पहिल्या दिवशी २९ वर ठेवलेला असतो आणि तो तिथेच राहतो. जुलैत २९ गाठायचं तर टॉवरला वेट बल्बच्या फक्त २ अंश वर यावं लागतं. ते होत नाही आणि पंखे दिवसरात्र पूर्ण वेगाने फिरत राहतात. डिसेंबरमध्ये उलटं घडतं. २९ सहज मिळतं म्हणून पंखे मंदावतात आणि थंड पाणी फुकट मिळत असताना चिलर गरम पाण्यावर राबतो.

एक हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण अशा आकाराच्या प्लांटला धरून आहेत. २०० टनांचा एक स्क्रू चिलर, डिसेंबरची दुपार, लोड १२० टन. पाणी २९ वर असताना चिलर ८९ किलोवॅट घेतो आणि टॉवरचा पंखा १, एकूण ९०. कंडेन्सरचं पाणी एक अंश खाली आलं की चिलरची वीज साधारण २ ते ३ टक्क्यांनी कमी होते. आपण अडीच धरू. सेटपॉइंट २४ केला तर चिलर ७८ वर येतो, पंखा तीन चतुर्थांश वेगाने ३ किलोवॅट खातो, एकूण ८१. म्हणजे दर तासाला ९ युनिट वाचले. आता हाव धरून २२ केलं, तर चिलर ७३ च्या थोडा वर, पण पंखा जवळपास पूर्ण वेगाने ७. एकूण ८० च्या थोडं वर. शेवटच्या दोन अंशांची कमाई पंख्यानेच खाल्ली. पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे हे होणारच.

म्हणून आम्ही सेटपॉइंटला वेट बल्बच्या मागे चालायला लावतो: वेट बल्ब अधिक ४ ते ६ अंश, वर आणि खाली मर्यादा घालून. खालची मर्यादा तुमच्या चिलरच्या मॅन्युअलमधून घ्यायची, आमच्या अंदाजाने नाही. पाणी फार थंड झालं तर कंडेन्सरचा दाब पडतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हला पुरेसा दाब मिळत नाही, तेल परत येत नाही. जानेवारीच्या पहाटे मशीन सक्शनच्या कमी दाबावर किंवा तेलाच्या दाबावर ट्रिप होत असेल तर आधी हीच शंका घ्या.

वेट बल्ब मोजणारा सेन्सर कुठे बसवला आहे तेही एकदा गच्चीवर जाऊन बघाच. एका ठिकाणी आमच्याच माणसाने तो टॉवरच्या पंख्यातून बाहेर पडणाऱ्या वाफाळ हवेच्या झोतात बसवला होता. वाचन ३ अंशांनी जास्त येत होतं आणि सेटपॉइंट बदलत ठेवण्याचा सगळा खटाटोप महिनाभर निरुपयोगी ठरला. चूक आमची होती. तेव्हापासून आम्ही ओल्या फडक्याच्या थर्मामीटरने पडताळल्याशिवाय काम सोपवत नाही.

दोन मशीन की एक?

जुलैची दुपार, २०० टनांचे दोन फिक्स्ड-स्पीड स्क्रू चिलर, लोड १८० टन. चिल्ड वॉटरचा प्रवाह आणि त्याच्या आत-बाहेरच्या तापमानातला फरक यांवरून लोड असा काढायचा:

```
TR = (m3/h × ΔT) / 3.024
109 × 5 / 3.024 = 180
```

एक मशीन ९० टक्क्यांवर चाललं तर टनाला ०.६६ किलोवॅट, म्हणजे ११९. सोबत चिल्ड वॉटर पंप ११, कंडेन्सर पंप १५, पंखा साडेसात, एकूण १५२. दोन मशीन ४५-४५ टक्क्यांवर चालवली तर स्लाइड व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो, टनाला ०.८० लागतात, म्हणजे १४४. आणि पंप-पंख्यांचे दोन संच ६७. एकूण २११. दर तासाला जवळपास ५९ युनिटांचा फरक!

व्हीएफडीचं, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं मशीन असेल तर कमी लोडवर ते खरोखर चांगलं चालतं. समजा टनाला ०.५८ लागले, तर दोन मशीनचे १०४. चिलरचा मीटर पाहून ऑपरेटर खूश होतो, पण पंप धरून बेरीज १७१ होते. प्लांटचा एकूण आकडा पाहिल्याशिवाय किती मशीन चालवायची ते ठरवू नका.

कोटेशनमधला आयपीएलव्हीचा, म्हणजे वेगवेगळ्या लोडवरच्या सरासरी कार्यक्षमतेचा आकडाही जपून वाचा. एएचआरआय या अमेरिकी उद्योगसंघटनेच्या पद्धतीत त्यात ५० टक्के लोडचं वजन ४५ टक्के आहे, आणि त्या लोडला कंडेन्सरचं पाणी १८.३ अंश धरलेलं असतं. नागपूरच्या जुलैत ते पाणी कुठून आणणार? विक्रेत्याकडून २७ च्या वेट बल्बला मिळणाऱ्या पाण्यावरचे, म्हणजे ३१ अंशांवरचे पार्ट-लोड आकडे लेखी मागा.

दुसरं मशीन कधी लावायचं? पहिल्याचा करंट पूर्ण लोडच्या ९५ टक्क्यांच्या वर आणि बाहेर जाणारं पाणी सेटपॉइंटपेक्षा १ अंश जास्त, असं सलग १५ मिनिटं राहिलं तर. काढायचं, जेव्हा उरलेलं मशीन एकूण लोड ८० टक्क्यांत पेलेल आणि ती स्थिती अर्धा तास टिकेल. मधलं अंतर मुद्दाम ठेवलं आहे. नाहीतर मशीन चालू-बंद होत राहतं आणि मोटर व स्टार्टरचं आयुष्य घटतं.

“एक मशीन पुरत नाही” असं ऑपरेटर सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. एका रुग्णालयात चिलरमधून पाणी ७ अंशांनी निघत होतं, पण हेडरवर पावणेनऊ. बंद मशीनचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता. एक तृतीयांश पाणी थंड न होताच त्यातून निघून जात होतं आणि १२ अंशांचं परतीचं पाणी थंड पाण्यात मिसळत होतं. ऑपरेशन थिएटर तापलं की तिथली मंडळी दुसरं मशीन लावायची, व्हॉल्व्हही आपोआप उघडायचा आणि सगळं ठीक वाटायचं. व्हॉल्व्हची सीट बदलली आणि एक मशीन पुरलं. तुमच्याकडे पाहायचं तर बंद चिलरच्या पाइपला हात लावा. तो परतीच्या पाण्याइतका गार लागला तर पाणी त्यातून वाहतं आहे.

भेटीआधी आम्हाला तीन ऋतूंतल्या एकेका आठवड्याची लॉगबुकची पानं हवीत: चिल्ड आणि कंडेन्सर पाण्याची आत-बाहेरची तापमानं, करंट, किती मशीन चालू होती. पंपांचे किलोवॅट लिहिलेले नसतील तर ते आम्ही क्लॅम्प मीटरने मोजू. फ्लो मीटर नसेल तरी अडत नाही. पाइपवर बाहेरून लावायचं अल्ट्रासॉनिक मीटर आम्ही सोबत आणतो.