जठराचे स्वसंरक्षण

जठरातील तीव्र अम्ल आणि प्रथिनांचे विघटन करणारे पेप्सीन हे विकर यांपासून जठराचे स्वतःचे अस्तर सुरक्षित ठेवणाऱ्या यंत्रणांना मिळून ही संज्ञा लावतात. भित्तीय पेशींतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोक्लोरिक अम्लाचे पीएच मूल्य १ च्या आसपास असते. त्यात मांसाचा तुकडा विरघळतो, मात्र मांसाचेच बनलेले जठर शाबूत राहते. या विसंगतीचे स्पष्टीकरण दीर्घकाळ वादग्रस्त होते.

इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७२ मध्ये हा प्रश्न स्पष्टपणे मांडला. भरल्या पोटी अकस्मात मृत्यू आलेल्या व्यक्तींच्या शवविच्छेदनात त्यांना जठराची भिंत काही ठिकाणी विरघळून आरपार छिद्र पडलेले आढळले. हा रोग नसून मृत्यूनंतर झालेले पचन आहे, असे त्यांनी ओळखले, आणि जिवंत ऊतीत असलेले ‘जीवनतत्त्व’च तिला पचनापासून वाचवते, असा निष्कर्ष काढला. निरीक्षण अचूक होते. निष्कर्ष मात्र टिकला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बेर्नार या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकाने कुत्र्याच्या जठरात कृत्रिम छिद्रातून जिवंत बेडकाचे पाय ठेवले. बेडूक जिवंत असतानाच त्याचे पाय पचू लागले. केवळ जिवंतपणा हे संरक्षण नव्हे, हे त्यावरून दिसले. पुढे पेव्ही या इंग्लिश वैद्यांनी १८६३ मध्ये अस्तराखालून वाहणारे अल्कधर्मी रक्त अम्ल निष्प्रभ करते, असे मत मांडले. बेर्नार यांचा भर मात्र अस्तराच्या पृष्ठभागावर होता, आणि नंतरचे संशोधन बहुतांशी त्याच दिशेने गेले. तरीही पेव्ही यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे ठरले नाही. अम्ल तयार करताना भित्तीय पेशी तेवढेच बायकार्बोनेट रक्तात सोडते, आणि ते केशवाहिन्यांतून वर पृष्ठभागावरील पेशींना मिळते.

आज सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या स्पष्टीकरणानुसार संरक्षणाची पहिली फळी श्लेष्म्याची असते. पृष्ठभागावरील पेशी मिलिमीटरच्या काही दशांश जाडीचा चिकट थर तयार करतात आणि त्यात बायकार्बोनेट सोडतात. बायकार्बोनेटचे एकूण प्रमाण अम्लाच्या मानाने अगदी थोडे असते, त्यामुळे जठरातले सगळे अम्ल त्याने कधीच उदासीन होणार नाही. पण स्थिर थरात अडकून राहिल्याने ते आत झिरपणाऱ्या अम्लाला वाटेतच गाठते. सूक्ष्म विद्युत्अग्राने मापन केल्यास पोकळीकडील बाजूस पीएच मूल्य सुमारे २, तर पेशीलगत जवळजवळ ७ आढळते. पेप्सिनाचा मोठा रेणू या थरातून सहजी आत शिरू शकत नाही. शिवाय ते पेशींत पेप्सिनोजेन या निष्क्रिय रूपातच तयार होते आणि अम्लाच्या संपर्कात आल्यावरच क्रियाशील होते. थराखालच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात आणि काही दिवसांतच त्यांची जागा नव्या पेशी घेतात.

अम्ल खोल ग्रंथींतून निघते, मग हाच थर ओलांडून ते बाहेर कसे येते, हा प्रश्न उरतो. ग्रंथींतील दाबामुळे ते श्लेष्म्यातून बारीक वाटा पाडत येते, या मताला प्रायोगिक आधार आहे. मात्र जिवंत जठरात हे नेहमी असेच घडते, असे मानण्यास तो पुरेसा नाही.

ही व्यवस्था कशी कोलमडते, हे अ‍ॅस्पिरिनच्या उदाहरणावरून चांगले कळते. अम्लात अ‍ॅस्पिरिनचे बहुतेक रेणू विद्युत्भाररहित राहतात आणि पेशीपटलातून सहज आत जातात. पेशीतील उदासीन माध्यमात ते भारित होऊन तेथेच अडकतात आणि पेशीला इजा करतात. १९६० च्या दशकात होरेस डॅव्हनपोर्ट या अमेरिकी शरीरक्रियावैज्ञानिकांनी कुत्र्याच्या जठराचा भाग वेगळा करून बनवलेल्या पिशवीवर प्रयोग करून दाखवले की, अशा वेळी पोकळीतील अम्ल उलट भिंतीत शिरते व सोडियम पोकळीत येते. भिंतीच्या दोन्ही बाजूंमधील विद्युत्दाब घसरतो, आणि त्यावरून अस्तराचा संरक्षक अडसर फुटल्याचे ओळखता येते. १९७१ मध्ये जॉन व्हेन या ब्रिटिश औषधवैज्ञानिकांनी दुसरी बाजू उघड केली: अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती थांबवते. श्लेष्मा आणि बायकार्बोनेट यांचा स्राव तसेच अस्तराचा रक्तपुरवठा या प्रोस्टाग्लँडिनांवर अवलंबून असतो. दुसरी क्रिया औषध रक्तात गेल्यावरही होते, म्हणून आतड्यात विरघळणारे वेष्टन दिलेल्या गोळीनेही जठराचा धोका पूर्णपणे टळत नाही. दीर्घकाळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत अशी इजा कित्येकदा वेदनेशिवाय वाढते, आणि डांबरासारखी काळी शौचास होणे हेच रक्तस्रावाचे पहिले लक्षण ठरते.