ब्रिटनमध्ये लेक्चररच्या जागेसाठी अर्ज: निकषांचा तक्ता, अध्यापन निवेदन आणि संशोधन आराखडा

ब्रिटिश विद्यापीठातला ‘लेक्चरर’ म्हणजे आपल्याकडचा सहायक प्राध्यापक. काही विद्यापीठांनी आता असिस्टंट प्रोफेसर हेच नाव घेतले आहे. उलट १९९२नंतर विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या अनेक संस्थांत याच पातळीच्या जागेला सिनियर लेक्चरर म्हणतात. त्यामुळे पदनामावरून अंदाज बांधू नये. जाहिरातीत ‘टीचिंग अँड रिसर्च’ लिहिले आहे की ‘टीचिंग अँड स्कॉलरशिप’, ते आधी पाहावे. पहिल्या प्रकारात संशोधन आराखडा निर्णायक ठरतो. दुसऱ्यात तो दुय्यम असतो, आणि तिथे दोन पाने प्रयोगशाळेबद्दल लिहिणारा उमेदवार जाहिरात न वाचता आला असे दिसते. नेमणूक कायम आहे की मुदतीची, हेही तिथेच कळते.

पात्रता

नेट-सेट किंवा एपीआय गुण तिथे कुणी विचारत नाही. पीएच.डी. मात्र बहुतेक ठिकाणी आवश्यक असते, आणि तिच्याबाबत जाहिरातीतला शब्द नीट वाचावा लागतो. ‘पदवी मिळालेली’ असे लिहिले असेल, तर प्रबंध सादर झाला एवढे पुरत नाही. ‘पूर्णत्वाच्या जवळ’ असे असेल, तर सादर केल्याची तारीख आणि मौखिक परीक्षेची अपेक्षित तारीख स्पष्ट लिहावी. आपल्याकडे मौखिक परीक्षा, विद्यापीठाची अधिसूचना, तात्पुरते प्रमाणपत्र आणि पदवीदान यांत बरेच महिने जातात. अर्जात ‘पीएच.डी. प्राप्त’ लिहिले आणि नेमणुकीच्या वेळी हाती फक्त मौखिक परीक्षेचे पत्र निघाले, तर अडचण होते. म्हणून अधिसूचना निघताच तात्पुरत्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करून ठेवावा.

जागा प्रामुख्याने jobs.ac.uk या संकेतस्थळावर आणि विद्यापीठांच्या स्वतःच्या पानांवर निघतात. ठरलेला एक हंगाम नाही, पण सप्टेंबरमध्ये रुजू व्हायच्या अनेक जागा जानेवारी ते मे या काळात येतात. अंतिम वेळ बहुधा रात्री २३:५९ असते. ती तिथली वेळ. हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे ५:२९ झालेले असतात, उन्हाळ्यात ४:२९.

निकषांचा तक्ता

जाहिरातीला ‘पर्सन स्पेसिफिकेशन’ नावाचा तक्ता जोडलेला असतो. त्यात प्रत्येक निकषापुढे ‘इसेन्शियल’ किंवा ‘डिझायरेबल’ लिहिलेले असते, आणि तो अर्जातून तपासणार की मुलाखतीतून, हेही बहुधा दिलेले असते. निवड समितीतले लोक अर्जांना याच तक्त्याप्रमाणे गुण देतात. एखाद्या आवश्यक निकषाबद्दल अर्जात एक वाक्यही नसेल, तर तिथे शून्य पडते. अनुभव असूनही न लिहिल्यामुळे अर्ज बाजूला पडतो, आणि आपल्याकडच्या चांगल्या उमेदवारांचे सर्वांत जास्त नुकसान इथेच होते.

म्हणून ‘सपोर्टिंग स्टेटमेंट’ लिहिताना निकषांचे शब्द तसेच उपशीर्षके म्हणून घ्यावेत आणि प्रत्येकाखाली पुरावा द्यावा. भाषा सुंदर नसली तरी चालेल. हा मजकूर बऱ्याचदा ऑनलाइन चौकटीत चिकटवावा लागतो आणि तिथे ठळक अक्षरे, तक्ते उडून जातात. साध्या मजकुरातही शीर्षके वेगळी कळतील अशी मांडणी आधीच करावी.

सीव्हीतून फोटो, जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि शेवटचे सहीसह प्रतिज्ञापत्र काढून टाकावे. शोधनिबंधांची यादी द्यावी, पण सर्वांत सबळ तीन-चार निबंध वर घेऊन त्यांत स्वतःचे काम काय होते ते एकेका ओळीत सांगावे. ब्रिटनमधल्या ‘आरईएफ’ या राष्ट्रीय संशोधन मूल्यमापनात प्रकाशनांना नावीन्य, महत्त्व आणि काटेकोरपणा यांवरून एक ते चार तारे मिळतात. तिथे संख्येपेक्षा दर्जाला वजन असते, आणि समितीतले लोक तुमची यादीही त्याच नजरेने वाचतात. परिषदांच्या सहभाग प्रमाणपत्रांची लांबलचक यादी उलट नुकसान करते.

अध्यापन निवेदन

काही विद्यापीठे हे वेगळे मागतात, एक-दोन पानांचे. काही ठिकाणी ते सपोर्टिंग स्टेटमेंटमध्येच सामावते. दोन्हीकडे चूक एकच होते: ‘विद्यार्थीकेंद्रित शिक्षणावर माझा विश्वास आहे’ अशी वाक्ये. त्यांतून वाचणाऱ्याला तुमच्या वर्गात काय घडते ते कळत नाही.

समजा, उमेदवाराने पुण्यात भूजलशास्त्रात पीएच.डी. केली आहे, विषय दख्खनच्या बेसॉल्टमधले पाणी, आणि दोन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आहे. ‘तासिका तत्त्व’ हा शब्द तिथे कुणाला कळणार नाही. त्याऐवजी कोणत्या वर्षाला, कोणता विषय, आठवड्याला किती तास, वर्गात किती विद्यार्थी, आणि त्यातले काय स्वतः आखले, हे लिहावे. संलग्न महाविद्यालयात अभ्यासक्रम आणि अंतिम प्रश्नपत्रिका विद्यापीठाची असते. ब्रिटनमध्ये लेक्चरर स्वतः मोड्यूल आखतो, मूल्यमापन ठरवतो आणि उत्तरे तपासतो, आणि त्यावर बाहेरच्या परीक्षकाची देखरेख असते. म्हणून अंतर्गत मूल्यमापनातले प्रकल्प, क्षेत्रभेटी, प्रात्यक्षिके यांपैकी जे स्वतः ठरवले ते पुढे आणावे. इथे फुगवून लिहिले, तर मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते.

मग एक प्रसंग पूर्ण मांडावा. विहिरीच्या उपसा चाचणीचे आकडे विद्यार्थी थेट थाइसच्या सूत्रात घालतात आणि खडकातून पाणी किती सहज वाहते ते काढतात. ते सूत्र विहिरीचा व्यास नगण्य धरते, पण गावातली विहीर पाच-सहा मीटर रुंद असते आणि उपसा सुरू होताना बरेच पाणी खडकातून नव्हे तर विहिरीतूनच येते. त्यामुळे उत्तर चुकते. या उमेदवाराने सूत्र सांगण्याआधी विद्यार्थ्यांकडून उपसा थांबल्यावर पाणी कसे वर चढते त्याचा आलेख काढून घेतला आणि ‘हे पाणी कुठून आले?’ असा प्रश्न ठेवला. नंतरच्या अहवालांत सूत्राची गृहीतके तपासणारे विद्यार्थी किती होते, ते त्याने आधीच्या तुकडीशी ताडून पाहिले. अडचण, उपाय, परिणाम आणि तो कसा मोजला, एवढे एका परिच्छेदात आले की निवेदनाचा कणा तयार झाला.

त्यानंतर तिथल्या रचनेत स्वतःला बसवून दाखवावे. ब्रिटनमध्ये पदवीचे एक वर्ष १२० क्रेडिटचे असते आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे सुमारे दहा तासांचे काम धरतात. २० क्रेडिटचे मोड्यूल म्हणजे २०० तास, आणि त्यात व्याख्याने थोडीच. उरलेल्या तासांत विद्यार्थी काय करणार, हे लिहिणारा उमेदवार वेगळा दिसतो. त्या विभागाच्या अभ्यासक्रमाचे पान उघडून कोणती दोन चालू मोड्यूल शिकवू शकता आणि कोणते एक नवे देऊ शकता, तेही सांगावे. अपंगत्व किंवा वाचनाची अडचण असलेल्या विद्यार्थ्यांसाठी काय बदल करता, हा निकष बहुतेक तक्त्यांत असतो, म्हणून त्यालाही एक खरे उदाहरण द्यावे. उच्च शिक्षणातल्या अध्यापनाला मान्यता देणाऱ्या ‘अॅडव्हान्स एचई’ या संस्थेची फेलोशिप नसेल तर घाबरायचे कारण नाही. बऱ्याच ठिकाणी परिवीक्षेच्या काळात अध्यापनाचे प्रमाणपत्र पूर्ण करताना ती मिळते. ‘आहे किंवा मिळवण्याची तयारी’ असे तक्त्यात लिहिले असेल, तर ती तयारी एका वाक्यात नोंदवावी.

संशोधन आराखडा

पृष्ठमर्यादा दिली असेल तर ती पाळावी, नसेल तर दोन पाने पुरेत. त्यातला पाव भाग झालेल्या कामाला, बाकी पुढच्या पाच वर्षांना. पीएच.डी.चा विषय तसाच पुढे नेणारा आराखडा वाचला की ‘हे मार्गदर्शकाचे काम आहे की याचे?’ असा प्रश्न समितीला पडतो. स्वतःचा वेगळा प्रश्न कुठे सुरू होतो, ते वाक्य पहिल्या परिच्छेदातच हवे. पाच दिशा दाखवू नयेत. एक मुख्य आणि एक जोडीची पुरे.

आपल्या उमेदवाराने ‘महाराष्ट्रातील भूजलाचा पुढील अभ्यास’ एवढेच लिहिले, तर ब्रिटनमधल्या विभागाला त्यात जागा दिसणार नाही. पण उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिममध्येही बेसॉल्टचे जाड थर आहेत आणि त्यांतही पाणी भेगांतून आणि दोन लाव्हा थरांमधल्या पट्ट्यांतून वाहते. दोन्हीकडचा खडक सारखा, पाऊस वेगळा: इकडे चार महिन्यांत, तिकडे वर्षभर. पुनर्भरणात खडकाचा वाटा किती आणि पावसाच्या वेळापत्रकाचा किती, हे वेगळे काढता येईल का, हा प्रश्न दोन्ही ठिकाणच्या लोकांना पटतो.

मग वर्षवार मांडणी. पहिल्या वर्षी प्रबंधातले दोन निबंध छापून घेणे, अँट्रिममधल्या भूजलाच्या उपलब्ध नोंदी तपासणे आणि सुरुवातीच्या संशोधकांना मिळणाऱ्या रॉयल सोसायटीच्या लहान अनुदानासाठी अर्ज. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पर्यावरणविषयक संशोधनाला निधी देणाऱ्या एनईआरसी या परिषदेकडे मोठा प्रस्ताव आणि एक पीएच.डी. विद्यार्थी. अनुदान देणाऱ्याचे नाव न घेता ‘निधी मिळवला जाईल’ असे लिहिणे ही नेहमीची त्रुटी आहे. नाव घेतले तर त्याच्या अटीही माहीत हव्यात. एनईआरसी ज्या यूकेआरआय या सरकारी निधी संस्थेत मोडते, तिच्या परिषदा साधारणपणे प्रकल्पाच्या पूर्ण खर्चाच्या ८० टक्के देतात, उरलेले विद्यापीठ भरते, आणि विभागप्रमुख हा हिशेब मुलाखतीत विचारू शकतात. महाराष्ट्राकडची माहिती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींतून घेणार असाल, तर ती कशी मिळणार तेही लिहावे. न मिळाल्यास काय, याचे उत्तरही तयार असावे. आराखडा जमला का हे पाहण्यासाठी त्यातले विभागाचे, उपकरणांचे आणि सहकाऱ्यांचे उल्लेख झाकून वाचावा. तरीही तो जसाच्या तसा उभा राहत असेल, तर तो या जागेसाठी लिहिलेला नाही.

शिफारस आणि पुढचे

अमेरिकेत शिफारसपत्रे बऱ्याचदा अर्जाबरोबरच मागतात. ब्रिटनमध्ये साधारणपणे दोन-तीन नावे आणि ईमेल द्यायचे असतात, आणि निवडलेल्या थोड्या उमेदवारांसाठीच पत्रे मागवतात. त्यांतली एक व्यक्ती मार्गदर्शकाखेरीज, शक्यतो दुसऱ्या संस्थेतली असावी, आणि तुमचा आराखडा तिने वाचलेला असावा.

पद स्वीकारल्यावर विद्यापीठ स्किल्ड वर्कर व्हिसासाठी प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र देते. ते मिळाल्यापासून तीन महिन्यांत वापरायचे असते. या मार्गात इंग्रजीचा पुरावा लागतो. भारतातली पदवी इंग्रजीतून झाली असेल, तर परदेशी पदव्या पडताळणाऱ्या एक्टिस या संस्थेकडून तसे प्रमाणित करून घेता येते. संशोधनाची जबाबदारी असलेल्या ठरावीक पदांसाठी ग्लोबल टॅलेंट हा दुसरा मार्ग आहे. त्यात प्रवेशाच्या वेळी इंग्रजीचा पुरावा लागत नाही आणि नोकरी बदलली तरी व्हिसा एका संस्थेला बांधलेला नसतो, म्हणून आपले पद त्यात बसते का हे मनुष्यबळ विभागाला आधी विचारावे. काही विज्ञान-अभियांत्रिकी विषयांत भारतीयांना एटास ही संवेदनशील विषयांतल्या संशोधनासाठीची सरकारी परवानगीही काढावी लागते. क्षयरोग तपासणीचा दाखला मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यायचा आणि तो सहा महिने चालतो. आरोग्य अधिभार प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे आणि व्हिसाच्या सर्व वर्षांचा एकदम भरावा लागतो. पाच वर्षांचे ५,१७५ पौंड होतात, आणि जोडीदार सोबत असेल तर तितकेच आणखी. काही विद्यापीठे हा खर्च परत देतात. तो आपल्या पदाला लागू आहे का, हे होकार कळवण्याआधी लेखी विचारून घ्यावे.