तीन दिवसांत हेगला: राष्ट्राची संमती म्हणजे नेमकं काय?

स्पर्धा परीक्षांत आंतरराष्ट्रीय कायद्याचा पेपर घेणाऱ्या मुलांना मी शिकवतो. एक प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात समोर येतो: दोन देशांमधल्या वादात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला अधिकार कशातून मिळतो? चार पर्यायांतला एक असतो ‘संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वातून’ आणि दुसरा ‘संबंधित देशांच्या संमतीतून’. निम्मा वर्ग पहिल्यावर खूण करतो. चूक समजण्यासारखी आहे, कारण संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झालेला प्रत्येक देश न्यायालयाच्या नियमावलीचाही आपोआप सदस्य होतो. पण त्यामुळे फक्त न्यायालयाचं दार आपल्याला खुलं होतं. आपल्याला कोणी तिथे ओढून नेऊ शकेल की नाही, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

मग मुलं विचारतात, “सर, संमती लागते तर हरणारा देश संमती देईलच कशाला?” याचं उत्तर असं की संमती बहुतेक वेळा भांडणाच्या आधीच देऊन ठेवलेली असते. एक मार्ग कराराचा: ‘या कराराच्या अर्थावरून वाद झाला तर न्यायालयात जाऊ’ असं कलम दोघांनी मान्य केलेलं असतं. दुसरा मार्ग नियमावलीच्या ३६ व्या कलमातला, ज्याला ऐच्छिक कलम म्हणतात. त्याखाली देश एक घोषणापत्र देतो. तसंच घोषणापत्र देणाऱ्या इतर कोणत्याही देशाने आपल्यावर दावा लावला, तर न्यायालयाचा अधिकार आपल्याला मान्य आहे, असा त्याचा अर्थ. ते द्यायचं की नाही, कोणत्या अटी घालायच्या, हे त्या देशाने ठरवायचं. एकदा दिलं, की ते लागू असेपर्यंत मात्र बांधून घेतं.

हे बांधून घेणं म्हणजे काय, ते भारताने १९५५च्या डिसेंबरात अनुभवलं. प्रकरण आपल्या अगदी जवळचं, दादरा-नगर हवेलीचं. दमणपासून आत, चारी बाजूंनी भारतीय मुलखाने वेढलेले हे पोर्तुगीज तुकडे १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केले. त्यांत पुण्या-मुंबईची मराठी माणसं बरीच होती. सुधीर फडके त्यांच्यातलेच. पोर्तुगालला फौज पाठवायची तर भारताच्या हद्दीतून जावं लागणार होतं आणि भारताने वाट दिली नाही.

पोर्तुगाल तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा सदस्यही नव्हता. १४ डिसेंबर १९५५ला तो सदस्य झाला. १९ डिसेंबरला त्याने आपलं घोषणापत्र महासचिवांकडे जमा केलं आणि २२ डिसेंबरला भारतावर दावा दाखल केला. मधे फक्त तीन दिवस. त्या घोषणापत्राची प्रत भारत सरकारच्या हाती दाव्याच्या वेळी पोचलेलीही नव्हती.

भारताचं घोषणापत्र होतं १९४०चं, ब्रिटिश अमलातलं, जुन्या राष्ट्रसंघाच्या न्यायालयासाठी दिलेलं. नव्या न्यायालयाच्या नियमावलीने अशी जुनी घोषणापत्रं मुदत शिल्लक असेपर्यंत जिवंत ठेवली. त्यात राष्ट्रकुलातल्या देशांशी होणारे वाद वगळलेले होते. पण पोर्तुगाल राष्ट्रकुलात नव्हता, म्हणून त्या बाजूचं दार उघडंच राहिलं होतं.

भारताने न्यायालयाच्या अधिकारावर सहा प्राथमिक हरकती घेतल्या. त्यांतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती परस्परतेची. ऐच्छिक कलमाखाली दोन्ही घोषणापत्रं जिथे एकमेकांशी जुळतात, तेवढ्याच भागात न्यायालयाला अधिकार असतो. समोरच्याने घातलेली अट आपणही त्याच्याविरुद्ध वापरू शकतो. भारताचं म्हणणं असं की समोरच्याने काय कबूल केलंय, हे कळायच्या आत दावा लागला तर ही परस्परता वापरायची कशी? शिवाय पोर्तुगालने हवं तेव्हा हव्या त्या प्रकारचे वाद वगळण्याची मुभा स्वतःकडे ठेवली होती.

२६ नोव्हेंबर १९५७ला न्यायालयाने ही हरकत फेटाळली. घोषणापत्र महासचिवांकडे जमा झालं त्याच क्षणी ते लागू होतं, इतरांना कळवणं ही नंतरची बाब. ऐच्छिक कलम स्वीकारणाऱ्या देशाने, उद्या कोणी नवा देश ते स्वीकारून त्याच दिवशी दावा लावेल, हे धरूनच चालायला हवं. पोर्तुगालच्या मुभेबद्दल न्यायालय म्हणालं, ती पुढच्या दाव्यांसाठी आहे. चालू दावा तिच्या जोरावर न्यायालयाच्या अधिकाराबाहेर काढता येणार नाही, आणि परस्परतेने तीच मुभा भारतालाही आहे. भारताने या दाव्यापुरते नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. त्यांनी भिन्नमत नोंदवलं. मला आजही छागलांची बाजू माणुसकीला धरून वाटते, पण न्यायालयाची बाजू कायद्याला अधिक धरून आहे.

इथे मुलांची दुसरी गल्लत होते. अधिकार मिळाला म्हणजे निकाल पोर्तुगालच्या बाजूने लागला, असं ती समजतात. अधिकार म्हणजे फक्त ऐकून घेण्याचा हक्क. तो ठरल्यावर न्यायालय पार पेशव्यांच्या दप्तरापर्यंत गेलं. १७७९च्या पुणे तहाने मराठ्यांनी पोर्तुगीजांना काय दिलं होतं? न्यायालयाने म्हटलं, सार्वभौमत्व नव्हे, वर्षाला बारा हजार रुपयांच्या महसुलाचा सरंजाम. सार्वभौमत्व पुढे इंग्रजांनी मुकाट्याने मानलं. १२ एप्रिल १९६०च्या निकालात खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या जाण्या-येण्याचा हक्क मान्य झाला. सशस्त्र फौज, पोलीस आणि शस्त्रास्त्रं यांचा मात्र नाही, तोही आठ विरुद्ध सात मतांनी. आणि १९५४मध्ये भारताने कोणतंही कर्तव्य मोडलेलं नाही, असं नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरलं.

याच्या अगदी उलटं चित्र १९९९चं. १० ऑगस्टला भारतीय हवाई दलाने कच्छजवळ पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं, आतले सोळाही जण गेले. पाकिस्तान हेगला गेला. पण भारताच्या १९७४च्या घोषणापत्रात राष्ट्रकुलाचे आजी-माजी सदस्य वगळलेले होते. ही अट फक्त आमच्यासाठीच घातलीय, असा पाकिस्तानचा युक्तिवाद होता. न्यायालयाने उत्तर दिलं की हेतू काहीही असो, आपल्या संमतीची हद्द आखायला देश मोकळा आहे. २१ जून २०००ला चौदा विरुद्ध दोन मतांनी अधिकारच नाकारला गेला. विमान कोणाच्या हद्दीत होतं, गोळी चालवणं योग्य होतं का, यातल्या एकाही प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही.

म्हणूनच पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधवांच्या वेळी २०१७मध्ये भारताने ऐच्छिक कलमाचा रस्ता धरलाच नाही. तिथे आपलीच अट आपल्यावर उलटली असती. भारताने करार शोधला: वकिलातीच्या संबंधांबद्दलच्या १९६३च्या व्हिएन्ना कराराला जोडलेला ऐच्छिक प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार. तो दोन्ही देशांनी स्वीकारलेला होता आणि व्हिएन्ना कराराचा अर्थ आणि अंमलबजावणी यांवरचे वाद न्यायालयाकडे सोपवत होता. अधिकार मिळाला, पण तेवढ्याच रुंदीचा. अटकेनंतर जाधवांना त्यांचा हक्क सांगितला का, भारतीय वकिलातीला भेटू दिलं का, एवढंच न्यायालय पाहू शकत होतं. १७ जुलै २०१९च्या निकालाने शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितलं. शिक्षा रद्द करून सुटका करा, ही भारताची मागणी मान्य झाली नाही.

आता देशोदेशीची घोषणापत्रं वाचताना डिसेंबर १९५५ची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. ब्रिटनच्या घोषणापत्रात अट आहे की समोरच्या देशाने आपलं घोषणापत्र जमा करून बारा महिने झालेले नसतील तर त्याचा दावा चालणार नाही. भारताच्या १९७४च्या घोषणापत्रातही, केवळ त्या एका वादापुरता अधिकार मान्य करून येणाऱ्या देशाशी होणारे वाद वगळलेले होते.