भिंत आणि भराव यांच्यातली फट

थ्रीडी प्रिंटरवर काढलेला डबा उजेडासमोर धरला की कधी कधी तळाच्या कडेने टाचणीच्या टोकाएवढी भोकं चमकतात. बाजू अंगठ्याने दाबली तर भिंत टक् करून आत जाते. म्हणजे भिंत आणि आतला भराव, ज्याला सगळे इन्फिलच म्हणतात, एकमेकांना चिकटलेलेच नाहीत.

नोझल भिंतीला समांतर फिरून तिच्या रेघा घालतं. इन्फिलची रेघ मात्र भिंतीपर्यंत येते आणि तिथेच मागे वळते. वळताना वेग बदलतो, पण नोझलमधला दाब त्याच क्षणी बदलत नाही. त्यामुळे वळणाच्या आसपास प्लास्टिक कुठे जास्त, तर कुठे कमी पडू शकतं. त्यात बेल्ट सैल असेल तर नोझल ठरलेल्या जागेच्या जरा अलीकडूनच परत फिरतं. यावर तोडगा म्हणून स्लायसर, म्हणजे नोझलने कुठून कसं फिरायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर, ही रेघ मुद्दाम भिंतीत थोडी घुसवतं. यालाच ओव्हरलॅप म्हणतात. प्रुसास्लायसरमध्ये या सेटिंगची माहितीच सांगते की खरं तर याची गरज पडू नये, पण यंत्रातल्या ढिलाईमुळे फटी पडू शकतात.

आता आपला डबा. नोझल 0.4 मिमीचं, भिंतीची रेघ 0.45 मिमी रुंद, ओव्हरलॅप 10 टक्के. म्हणजे इन्फिल भिंतीत जेमतेम 0.045 मिमी शिरतं. तेच 25 टक्के केलं की 0.11 मिमी. फरक एवढासाच, पण फट बुजायला बहुतेकदा पुरतो. मात्र तळाच्या आणि वरच्या भरीव थरांसाठी काही स्लायसरमध्ये वेगळा आकडा असतो. उजेड तळातून येत असेल तर तोच वाढवायचा; आतल्या जाळीचा वाढवून काही उपयोग नाही.

आकडा वाढवत नेला तर जादा प्लास्टिक भिंतीला बाहेर ढकलतं आणि बाहेरून इन्फिलच्या तिरप्या रेघा उमटतात. भिंत एकेरी असेल तर हे लगेच दिसतं, तिहेरी असेल तर बरंचसं आतच जिरतं. म्हणून मी 5-5 टक्क्यांनीच वर जाईन.

क्रमही महत्त्वाचा. आधी इन्फिल आणि मग भिंती असा क्रम लावला असेल, तर इन्फिलच्या वळणांना टेकायला काहीच नसतं. ती वाकडीतिकडी सुटतात आणि नंतरची भिंत त्यांच्यावर आदळते. आधी भिंती, मग इन्फिल हेच बरं. फट दोन भिंतींच्या मधे असेल तर ओव्हरलॅपचा संबंधच नाही. तिथे ऑर्कास्लायसरमधला `Inner/Outer/Inner` क्रम करून बघता येतो: आधी सर्वात आतली रेघ, मग बाहेरची, शेवटी मधली, जी दोघींच्या बेचक्यात दाबून बसते. त्याला किमान तीन भिंती लागतात, आणि बाहेर झुकलेल्या भागात बाहेरच्या रेघेला शेजारचा आधार नसल्याने ती लोंबते.

फट डब्याच्या समोरासमोरच्या दोनच बाजूंना असेल आणि उरलेल्या दोन नीट असतील, तर सेटिंगला हात लावण्याआधी त्या दिशेचा बेल्ट ताणून बघावा.