दरमहा पीएफ भरताना: हजेरीपासून चलनापर्यंत

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. एप्रिलच्या पगारावरचा पीएफ १५ मेपर्यंत जमा झाला पाहिजे. पूर्वी वर पाच दिवसांची सवलत मिळायची, ती २०१६ मध्ये बंद झाली. १५ तारखेला बँक बंद असली किंवा पीएफचं पोर्टल अडकलं, तर निस्तरायला दिवस उरत नाही. म्हणून मी १० तारीखच शेवटची धरते.

काम सुरू होतं हजेरीपत्रकापासून. पीएफ मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर धरतात. घरभाडे भत्ता आणि ओव्हरटाइम त्यात येत नाहीत. पण सगळ्यांना सरसकट दिला जाणारा ‘विशेष भत्ता’ वगळून पीएफ कमी दाखवायची युक्ती चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता एक उदाहरण. एका कामगाराचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता १२,००० रुपये आहे आणि एप्रिलमध्ये तो तीन दिवस बिनपगारी रजेवर होता. तीस दिवसांपैकी सत्तावीस दिवसांचे झाले १०,८००. त्याच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,२९६ रुपये कापायचे. मालकाचा वाटाही १,२९६ चाच, पण तो दोन खात्यांत विभागतो. १०,८०० चे ८.३३ टक्के, म्हणजे ९०० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ३९६ पीएफ खात्यात. पेन्शनची रक्कम आधी पूर्ण रुपयात काढायची आणि उरलेली वजाबाकीने. ३.६७ टक्क्यांचा वेगळा गुणाकार केला की कधीतरी एका रुपयाचा फरक पडतो आणि बेरीज जुळत नाही. याशिवाय मालकाला विम्यासाठी अर्धा टक्का, इथे ५४ रुपये, आणि प्रशासकीय शुल्क आणखी अर्धा टक्का भरावं लागतं. हे शुल्क पूर्ण आस्थापनेसाठी महिन्याला किमान ५०० रुपये असतं.

खरी गडबड होते ती पेन्शनसाठी धरायच्या वेतनाच्या १५,००० च्या मर्यादेपाशी. पगार २२,००० असला आणि पीएफ पूर्ण पगारावर कापायचं ठरलं असलं, तर कामगाराचे २,६४० कापले जातात. पण पेन्शनमध्ये जास्तीत जास्त १,२५० च जातात, मालकाच्या वाट्यातले उरलेले १,३९० पीएफमध्ये. जो माणूस १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच सभासद झाला आणि तेव्हाच त्याचा पगार १५,००० च्या वर होता, त्याला पेन्शन योजनाच लागू नाही. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झालेल्याचंही पेन्शन अंशदान थांबतं. दोघांच्याही बाबतीत मालकाचा सगळा वाटा पीएफमध्ये. ही चूक वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही, निवृत्तीच्या वेळी दावा अडकला की कळते. म्हणून जन्मतारखांची यादी मी पगाराच्या फाइललाच जोडून ठेवते.

नवा माणूस आला की फॉर्म ११, आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील घ्यायचा. आधी कुठे काम केलं असेल तर जुना यूएएनच, म्हणजे सभासदाचा कायमचा पीएफ क्रमांकच वापरायचा, नवा काढायचा नाही. यूएएन आधारशी जोडलेला नसेल, तर त्याची ओळ फाइलमधून परत येते. त्यामुळे हे पहिल्याच आठवड्यात उरकावं.

मग ईसीआरची, म्हणजे पोर्टलवर चढवायच्या मासिक विवरणपत्राची मजकूर फाइल. एका सभासदाची एक ओळ, वरच्या कामगाराची अशी:

```
100000000001#~#MEMBER NAME#~#14400#~#10800#~#10800#~#10800#~#1296#~#900#~#396#~#3#~#0
```

क्रमाने यूएएन, नाव, एकूण पगार, मग पीएफ, पेन्शन आणि विम्यासाठी धरलेलं वेतन, तीन रकमा, एनसीपी दिवस (पक्षाचा काही संबंध नाही, हे बिनपगारी दिवस) आणि आगाऊ रकमेचा परतावा. पेन्शन लागू नसेल तिथे पेन्शनचं वेतन आणि रक्कम शून्य टाकायची. फाइल चढवल्यावर पोर्टल चुका दाखवतं. त्या दुरुस्त करून मान्यता दिली की टीआरआरएन, म्हणजे त्या भरण्याचा संदर्भ क्रमांक, आणि चलन तयार होतं. पैसे भरण्याआधी चलनातली कामगारांच्या वाट्याची रक्कम पगारपत्रकातल्या कपातीशी रुपयाला रुपया ताडून पाहा. आणि चलन तयार झालं म्हणजे भरणा झाला असं नाही, टीआरआरएनची स्थिती उघडून बघायची.

उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं. शिवाय जून २०२४ पासून दंडापोटी थकबाकीवर दरमहा १ टक्का. पण सगळ्यात महाग पडते कापायला विसरलेली रक्कम. पगार देताना कामगाराचा वाटा कापला नाही, तर तो पुढच्या पगारातून सहसा वसूल करता येत नाही, मालकाच्या खिशातून जातो. अपवाद अनवधानाने झालेल्या कारकुनी चुकीचा, तोही निरीक्षकाच्या लेखी संमतीने.